कोळी कोणी पाहिला?

फैजपूरच्या आसपास केळीच्या बागेत काम करणारा पस्तिशीचा एक गडी डोळ्यांसमोर आणू. नाव नको, कारण असा गडी एकटा नाही. मे महिना, पारा पंचेचाळिशीला टेकलेला. रविवारी सकाळी तो उठतो तर डाव्या मांडीच्या आतल्या बाजूला लाल, टणक, सुपारीएवढी गाठ. हात लावला की ठणका थेट जांघेपर्यंत जातो. गाठीच्या मधोमध एक बारीक काळा ठिपका. बायको वाकून बघते आणि विचारते, "काल बागेत काही चावलं का हो?" तो आठवू लागतो. काल वाळलेली पानं कापताना सोपटाखालून एक भला मोठा कोळी पळाला होता खरा. झालं. दुपार व्हायच्या आत गल्लीभर बातमी पसरते, की याला कोळी चावला आणि आता तिथलं मांस सडणार.

या सगळ्या हकिकतीत एकच गोष्ट कोणी पाहिलेली नाही, ती म्हणजे चावा. कोळी पाहिला, तो शनिवारी. गाठ पाहिली, ती रविवारी. मधला धागा मनाने विणला. तो खरा असेलही, पण धागा ओढून पाहायचा तर कोळी कसा चावतो आणि गळू कसं पिकतं, हे दोन्ही नीट माहीत हवं.

आधी कोळी. केळीच्या खोडावर सोपटांचे थर असतात, खाली लोंबणारी वाळली पानं असतात, आणि या फटींमध्ये राहायला आवडणारा एक मोठा, चपटा, तपकिरी कोळी आपल्याकडे बागेत तसाच घरातही दिसतो. पाय पसरले की तळहाताएवढा भरतो, खेकड्यासारखा आडवा पळतो, जाळं विणून भक्ष्य पकडत नाही. झुरळं हे त्याचं आवडतं खाणं. शास्त्रीय नाव हेटेरोपोडा व्हेनाटोरिया. केळींच्या घडांबरोबर हा जगभर फिरला, म्हणून परदेशात त्याला केळ्यांतला कोळी असंही म्हणतात. तिकडे केळीच्या खोक्यातून असा एखादा बाहेर पडला की दुकान रिकामं करण्यापर्यंत वेळ येते, कारण लोकांना तो दक्षिण अमेरिकेतला विषारी भटका कोळी वाटतो. तो विषारी कोळी आपल्या खंडात नाही. आपला हा केळीतला कोळी चावलाच तर दुखतं, थोडी सूज येते, आणि ते आपोआप उतरतं.

पण तो चावतो कधी? कोळी माणसाचं रक्त पीत नाही. ढेकूण, पिसू, डास यांना माणूस हे अन्न असतं, म्हणून ते रात्री शोधत येतात. कोळ्याला माणसाशी काही देणंघेणं नसतं. त्याचा चावा म्हणजे शेवटचा उपाय. बाहीत, बुटात, अंथरुणाच्या घडीत तो दाबला गेला तरच. त्यामुळे खरा चावा बहुतेक वेळा त्याच क्षणी कळतो. टाचणी टोचल्यासारखं होतं, माणूस झटकतो, आणि चिरडलेला किंवा पळणारा कोळी तिथेच दिसतो. चावा एकच असतो. झोपेत अंगावर चार-पाच ठिकाणी चावून, सकाळी मागमूस न ठेवता निघून जाणारा कोळी गोष्टीतच सापडतो. एका रांगेत तीन-चार खाजरे डाग असतील तर गादीच्या शिवणी उलटून ढेकूण पाहावेत.

आता गाठ. आपल्यापैकी साधारण तिघांत एकाच्या नाकपुड्यांमध्ये स्टॅफिलोकॉकस ऑरिअस नावाचा जीवाणू बिनबोभाट राहत असतो. नाकात असेपर्यंत त्याचा त्रास नाही. नाकातून बोटांवर, बोटांवरून टॉवेलवर, टॉवेलवरून मांडीवर असा त्याचा प्रवास चालतो. उन्हाळ्यात घामाने त्वचा भिजलेली असते, पँटची शिवण किंवा मोटारसायकलची सीट एकाच जागी घासत राहते, आणि केसाच्या मुळाशी डोळ्यांना न दिसणारी खरवड होते. तिथून जीवाणू आत शिरतो. शरीर त्याच्यावर पांढऱ्या पेशी सोडतं. लढाईत मेलेल्या पेशी, मेलेले आणि जिवंत जीवाणू, विरघळलेला मांसाचा चोथा, हे सगळं मिळून पू होतो. केसाच्या मुळाशी झालं की आपण केसतूड म्हणतो, खोल गेलं की गळू किंवा करट, काखेत झालं की काखमांजरी. शेजारशेजारची चार-पाच मुळं एकत्र पिकून चाळणीसारखी तोंडं पडली, की ती काळपुळी. शब्द इतके आहेत याचाच अर्थ आपल्या आज्या-पणज्यांनी हे दुखणं किती बारकाईने पाहिलं होतं.

पू हा या सगळ्या प्रश्नातला सर्वांत बोलका साक्षीदार आहे. कोळी आत सोडतो ते विष, आणि विषाने पू होत नाही. पू जीवाणूंमुळे होतो. म्हणून पहिल्या दोन-चार दिवसांतच गाठ वर उचलली गेली, गरम लागू लागली, मधोमध पिवळं तोंड धरलं आणि दाबल्यावर पू आला, तर कोळ्याला निर्दोष सोडायला हरकत नाही. खरा चावा नंतर खाजवून चिघळू शकतो, हे मान्य. तरी त्याला दिवस लागतात, आणि तेव्हाही उपचार करायचा तो जीवाणूंवरच.

दुसरा साक्षीदार वेळ. गळवाला स्वतःचं घड्याळ असतं. पहिल्या-दुसऱ्या दिवशी नुसतं खुपतं, टणक दाणा लागतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी गाठ वाढते, लाली पसरते, ठणका झोपू देत नाही. पाचव्या-सातव्या दिवसाकडे मधला भाग मऊ पडतो. दोन बोटं ठेवून एकाने दाबलं की दुसरं वर उचललं जातं, पाण्याने भरलेल्या पिशवीसारखं. मग ते फुटतं, आणि फुटताक्षणी ठणका निम्म्यावर येतो. आपल्या गड्याची गाठ रविवारी सकाळी सुपारीएवढी होती. सुपारीएवढं गळू एका रात्रीत होत नाही. म्हणून अशा वेळी डॉक्टरने कोळ्याबद्दल विचारण्याआधी गाठीचं वय विचारावं. "भाऊ, गुरुवारी-शुक्रवारी गाडीवर बसताना इथे खुपत होतं का?" तो क्षणभर थांबतो. हो, गुरुवारी संध्याकाळी सीटवर बसताना खुपलं होतं, घामोळं असेल म्हणून सोडून दिलं. म्हणजे गाठ गुरुवारची आणि कोळी शनिवारचा. आणि भिंगातून पाहिलं तर ज्या काळ्या ठिपक्याला आपण दाताची खूण समजत होतो, त्यातून एक केस बाहेर आलेला दिसतो.

मग मांस सडवणाऱ्या कोळ्याची धास्ती आली कुठून? ती अगदीच हवेतली नाही. अमेरिकेच्या मध्य-दक्षिण भागात लोक्सोसेलिस रिक्लुसा नावाचा एक लाजरा तपकिरी कोळी आहे, त्याच्या विषाने कातडी खरोखर मरते. त्याची जखम कशी दिसते हे मुद्दाम सांगतो, कारण ती गळवाच्या जवळजवळ उलट असते. चावा फारसा जाणवत नाही, काही तासांनी दुखू लागतं. जागा वर येण्याऐवजी सपाट किंवा खाली बसलेली असते. मध्यभाग लाल नसून निळसर-जांभळा, भोवती पांढुरकं कडं, त्याबाहेर लाली. जखम कोरडी असते, पू नसतो. काळी खपली धरून व्रण पडायला आठवडाभर तरी लागतो, आणि भरायला काही आठवडे, कधी तीन महिनेही. थोडक्यात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर आलेली, ओली, लालबुंद गाठ या कोळ्याच्या नावावर अमेरिकेतसुद्धा खपवता येत नाही.

तिथेही गफलत किती होते, याचे मोजमाप झाले आहे. 'कोळी चावला' अशी तक्रार घेऊन आलेल्या १८२ रुग्णांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या फक्त ७ जणांना खरोखर कोळी चावला होता. १५६ जणांना त्वचेचा किंवा त्याखालच्या मांसाचा जंतुसंसर्ग होता. ऑस्ट्रेलियात उलट बाजूने पाहिलं गेलं: चावणारा कोळी हाती लागला, तज्ज्ञांनी ओळखला, अशा ७५० चाव्यांचा पाठपुरावा केला, तर मांस सडल्याचं एकही उदाहरण निघालं नाही. आणि मला सगळ्यांत आवडतो तो कॅन्ससमधल्या एका घराचा हिशेब. २००१ साली त्या घरातून सहा महिन्यांत त्याच बदनाम जातीचे २,०५५ कोळी पकडले गेले. चौघांचं कुटुंब तिथे काही वर्षं राहत होतं. चाव्याची लक्षणं एकालाही झाली नव्हती.

तरी एक प्रश्न उरतो. काही गळवांचा मध्य खरंच काळा पडतो, सडल्यासारखा दिसतो. ते का? स्टॅफिलोकॉकसच्या काही वाणांजवळ पांढऱ्या पेशींनाच फोडणारं एक विष असतं, त्याने भोवतालचं मांसही मरतं. असे वाण बऱ्याचदा नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद देत नाहीत. मेथिसिलिन हे औषध ब्रिटनमध्ये १९५९ साली वापरात आलं आणि १९६१ सालीच त्याला न जुमानणारा जीवाणू सापडला. त्याचंच नाव एमआरएसए. पुढे तो रुग्णालयांबाहेर, धडधाकट माणसांमध्ये पसरला, आणि काळ्या तोंडाची गळवं घेऊन येणारे लोक 'कोळी चावला' म्हणू लागले. काळा रंग दिसला म्हणून कोळी, हा निष्कर्ष इथेच फसतो.

हे सगळं नुसत्या कुतूहलाचं असतं तर एवढी लांबण लावली नसती. कोळी म्हटलं की उपचार चुकतो. आपला गडी कुठेतरी 'चाव्यावरचं इंजेक्शन' घेऊन येतो. त्यात बहुधा ॲलर्जीचं औषध आणि स्टेरॉइड असतं. स्टेरॉइडने दिवसभर सूज ओसरल्यासारखी वाटते, कारण शरीराची लढाईच थंडावलेली असते. दुसऱ्या दिवशी गाठ दुप्पट होते. मधुमेह असेल तर त्याच इंजेक्शनने साखरही चढते. किंवा घरात कोणी 'विष काढायला' ब्लेडने चिरा देतो, आणि टणक गाठीत पू तयार नसल्याने नुसतं रक्त येतं व जीवाणू आणखी खोल जातात. दोन अंगठ्यांनी पिळण्याचंही तेच. पिळल्यावर पू बाहेर जितका येतो, तितकाच आतल्या बाजूलाही फुटू शकतो. नाकावर किंवा वरच्या ओठावर आलेलं केसतूड तर कधीच पिळू नये. तिथल्या शिरा मेंदूच्या बाजूला जातात.

जुन्या बायका जवसाचं गरम पोटीस बांधत. त्यातली ऊब उपयोगी आहे, जवस नसलं तरी चालतं. स्वच्छ कापड सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून, पिळून, दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा ठेवलं तर लहान केसतूड स्वतःच तोंड धरून फुटतं. उकळतं पाणी नको. मधुमेह्याला पायाला बसलेला चटका कळत नाही आणि भाजतं, हे पुष्कळदा पाहायला मिळतं. तंबाखू, चुना, शेण यांतलं काहीही लावू नये. आणि एक सोपी युक्ती: लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ ओढून ठेवावी. चोवीस तासांनी लाली रेघेच्या आत असेल तर धीर धरता येतो. रेघ ओलांडून गेली तर दवाखाना.

आपल्या गड्याची गाठ मंगळवारी मऊ पडली, अंग कणकणलं, जांघेत अवधाण आलं, आणि तो दवाखान्यात आला. इथे काम औषधाच्या आधी सुरीचं. पुवाच्या भोवतालची जागा बधिर करायची. आतला पू आंबट असतो, त्यात भुलीचं औषध नीट चालत नाही, म्हणून इंजेक्शन कडेकडेने द्यावं लागतं. मग गाठीच्या सगळ्यांत मऊ जागी पुरेसा लांब चिरा. डॉक्टरने लहानसा चिरा दिला की रुग्ण खूश होतो, पण तोंड दोन दिवसांत मिटतं आणि पू पुन्हा साठतो. आत चिमटा फिरवून कप्पे मोडायचे, सलाइनने धुवायचं, आणि पुवाचा थोडा नमुना प्रयोगशाळेला पाठवायचा. दोन-तीन दिवसांनी अहवाल आला की कोणता जीवाणू आणि कोणतं औषध, हे अंदाजाने ठरवावं लागत नाही.

चिरा दिल्यावर गोळ्या लागतातच का? यावर २०१६ साली अमेरिकेतून चांगलं उत्तर मिळालं. बाराशेहून अधिक रुग्णांची गळवं फोडली. निम्म्यांना कोट्रायमॉक्साझोल दिलं, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. औषध घेतलेल्यांतले ८०.५ टक्के बरे झाले, पोकळ गोळीवाल्यांतले ७३.६ टक्के. म्हणजे औषधाने फायदा होतो, पण मोठं काम चिऱ्यानेच केलेलं असतं. पू आत ठेवून महागड्या गोळ्यांचे तीन-तीन कोर्स करणाऱ्यांनी हे दोन आकडे ध्यानात ठेवावेत.

त्याच दिवशी गड्याची साखरही तपासावी. वारंवार होणारी गळवं ही कित्येकदा मधुमेहाची पहिली चिठ्ठी असते. आंब्याच्या दिवसांत गळवं येतात म्हणून आपण आंब्याच्या 'उष्णते'ला दोष देतो. मला वाटतं, त्या दिवसांतला घाम, घर्षण आणि न कळलेली साखर यांचा दोष आंबा फुकट भोगतो. महिन्याभरात बायकोच्या काखेत आणि पोराच्या कुल्ल्यावरही गळू उठलं, तर घरात कोळी माजलेत असं कोणी म्हणू नये. एकच टॉवेल सगळे वापरतात, हे बघावं. टॉवेल, पंचा, वस्तरा वेगळे, चादरी गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात. खान्देशात उन्हाची तरी वाण नाही.

आता अपवाद, आणि हा मात्र मनावर घ्या. गळू दुखतं. जी काळी खपली दुखतच नाही, तिला गळूही म्हणू नका आणि कोळ्याचा चावाही म्हणू नका. पावसाळ्यात आणि त्यानंतर गवतात, झुडपांत काम करणाऱ्याला ताप, डोकेदुखी आणि जांघेत, काखेत किंवा कमरेला सिगारेटने डागल्यासारखी न दुखणारी खपली असेल, तर तो स्क्रब टायफस असू शकतो. गोचिडाच्या कुळातल्या इवल्याशा किड्याची अळी चावल्याने तो होतो. २०१८ साली विदर्भात त्याने माणसं दगावली. डॉक्सिसायक्लिन वेळेवर मिळालं तर एक-दोन दिवसांत ताप उतरतो. उशीर झाला तर मूत्रपिंड, फुप्फुसं धरतो. दुसरा आजार अँथ्रॅक्स, ज्याला जनावरांच्या बाबतीत आपण काळपुळी किंवा फाशी म्हणतो. मेलेलं जनावर हाताळणाऱ्याच्या हातावर न दुखणारा, भोवती खूप सूज असलेला काळा व्रण आला तर ही शंका घ्यावी. २००१ साली न्यूयॉर्कमध्ये सात महिन्यांच्या एका बाळाच्या हातावर असाच व्रण आला. मोठमोठ्या डॉक्टरांनी आधी कोळ्याचा चावा म्हणून उपचार केले. तो अँथ्रॅक्स निघाला. ज्या कोळ्यावर आळ आला, तो न्यूयॉर्कमध्ये राहतही नाही.

'कोळी मुतला' म्हणतात ते आणखी वेगळं. पावसाळ्यात दिव्याभोवती येणारा लाल-काळा, मुंगीसारखा लांबट किडा मानेवर चिरडला जातो, त्याच्या अंगातल्या रसाने कातडी भाजते आणि सकाळी चाबूक मारल्यासारखा पट्टा उठतो. कोळ्याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. किडा दिसला तर चिरडू नये, फुंकर मारून उडवावा आणि जागा साबणाने धुवावी.

घरी वाट पाहत बसायचं नाही अशी लक्षणं थोडी आहेत. थंडी वाजून ताप, गाठीपासून वर चढणारी लाल रेघ, डोळ्याजवळची सूज, तान्हं मूल, मधुमेह. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे कातडी फारशी बिघडलेली दिसत नसताना असह्य होणारी वेदना, किंवा काही तासांत पसरणारा निळसर-काळा रंग आणि फोड. तिथे जंतू खोल मांसात पसरत असतात. तासांचा हिशेब असतो, सरळ शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावं.

बाकी वेळी दवाखान्यात आल्यावर गाठ पहिल्यांदा कधी खुपली, तो वार सांगा. कोळी पाहिला असं ऐकीव सांगू नका. चावताना स्वतः पाहिला असेल तर काचेच्या बाटलीत घालून, झाकण लावून सोबत आणा. चिरडलेला असला तरी चालेल.